चुंबळ छापचा मालक

कागद न वाचता सही करणाऱ्या माणसांवर माझं पोट भरतं आणि त्यांच्यावरच माझं डोकं फिरतं. अकोल्यात एका वकिलांच्या ऑफिसात मी सतरा वर्षांपासून नोंदणीची कामं करते. दुकानाचे परवाने, खाद्यपदार्थांचे परवाने आणि ट्रेडमार्क. कुणी नवीन पापड काढला, कुणी अगरबत्ती काढली, की त्याच्या नावाचा अर्ज माझ्या टेबलावरून जातो. आलेला माणूस खुर्चीवर टेकतो न टेकतो तोच विचारतो, "मॅडम, कुठं सही करू?" मी म्हणते, आधी वाचा. तो हसतो. मला वाटतं, या एका वाक्यासाठी लोक मला मागे नावं ठेवत असतील. ठेवोत बापडे.

माझी मावशी हिवरखेडला राहते. तिची जवसाची चटणी आमच्याकडे अकोट-तेल्हाऱ्यापासून अमरावतीपर्यंत किराणा दुकानांत मिळते. पाकिटावर डोक्यावरच्या ओझ्याखाली ठेवतात ती कापडाची गोल चुंबळ छापलेली आहे, म्हणून नाव चुंबळ छाप. शहरातल्या पोरांना ती जिलेबी वाटते आणि एका दुकानदाराला बरीच वर्षं ते टायर वाटत होतं. पण चटणी खाल्ल्यावर चित्राबद्दल कुणी तक्रार करत नाही. जवस मंद आचेवर तडतडेपर्यंत भाजायचं, मिरची वेगळी, लसूण वेगळा, आणि शेवटी सगळं उखळात. मावशीच्या घरामागे टिनाची शेड आहे आणि तिथे आठ बाया रोज कांडायला येतात. कांडतात कमी आणि बोलतात जास्त, असं मावशी म्हणते, पण सगळ्यात जास्त तीच बोलते.

मागच्या उन्हाळ्यात एका रविवारी दुपारी तिचा फोन आला. एरवी ती फोनवर आधी माझ्या गुडघ्यांची चौकशी करते. त्या दिवशी एकदम म्हणाली, "पोट्टा चटनीचं नाव विकून राहिला."

पोट्टा म्हणजे तिचा एकुलता एक मुलगा, माझा मावसभाऊ. वय चाळीस. मावसाजी जिल्हा परिषदेच्या शाळेत मास्तर होते. ते जाऊन सहा वर्षं झाली, तेव्हापासून बाहेरचा सगळा व्यवहार तोच बघतो. नागपूरकडच्या एका मसाल्याच्या कंपनीला चुंबळ छाप हे नाव कायमचं विकत हवं होतं. चटणी त्यांच्या कारखान्यात यंत्रावर होणार होती. म्हणजे शेड बंद, उखळं बंद, आणि आठ बाया घरी. मावशीही घरीच.

"मले कोनी इचारलंच नाही," ती म्हणाली. "तू कागदं करतं ना बाई, तं पाय जरा. माहा काही हक्क निघते काय त्याच्यात?"

मी म्हटलं बघते. खरं सांगायचं तर मला काहीच आशा नव्हती. परवाना मुलाच्या नावावर, जीएसटी मुलाच्या नावावर, पाकिटावर उत्पादक म्हणून मुलाच्या फर्मचं नाव. मावशीचं नाव कुठेच नव्हतं.

दुसऱ्या दिवशी भाऊ स्वतःच ऑफिसात हजर झाला. सोबत दोन किलो चटणी. आमच्याकडे लाच अशीच येते. खुर्चीवर बसत म्हणाला, "ताई, कंपनीवाले ट्रेडमार्कचं सर्टिफिकेट मागून राहिले. ते कुठं गेलं देव जाने. तू काढून दे, अन् नाव त्याइच्या नावावर कराचे कागद बी करून दे. कुठं सही करू तेवढं सांग."

"ट्रेडमार्क कुणाच्या नावावर आहे?"

"माह्याच. पाकिटावर टीएम लिहेल हाये ना."

मी चष्मा काढून ठेवला. टीएम ही दोन अक्षरं कुणीही लिहू शकतो. त्यांचा अर्थ एवढाच की हे नाव आमचं आहे असा आमचा दावा आहे. नोंदणी झाली की गोलातला आर लिहिता येतो, त्याआधी लिहिला तर गुन्हा. हे मी सतरा वर्षांत किती जणांना सांगितलं असेल, मोजदाद नाही. त्यालाही सांगितलं. त्यानं मान डोलावली आणि मोबाइल बघू लागला.

पाकिटावर कुणाचं नाव छापलंय यावरून मालक ठरत नाही. चटणी एक जण कांडतो, दुसरा भरतो, तिसरा विकतो, आणि नाव चौथ्याचं असू शकतं. तो चौथा कोण ते सरकारी नोंदवहीत बघावं लागतं, आणि ती वही आता संकेतस्थळावर कुणालाही उघडता येते. नाव टाकायचं, माल कोणत्या वर्गातला ते सांगायचं, वाकडीतिकडी अक्षरं ओळखून आपण माणूस असल्याचं सिद्ध करायचं. वर्ग पंचेचाळीस आहेत. तेच नाव एका वर्गात एकाचं आणि दुसऱ्या वर्गात दुसऱ्याचं असू शकतं, म्हणून वर्ग चुकला की सगळंच चुकतं.

"चटणी कोणत्या वर्गात टाकली होती?" मी विचारलं.

"लोनच्याच्या असंन."

लोणचं एकोणतिसात. तिथे शोधलं, काहीच नाही. मग वर्ग बदलत गेले, तर चोविसाव्या वर्गात चुंबळ सापडली. नोंदलेली, मालक तिकडे दक्षिणेतला कुणीतरी. भावाचा चेहरा उतरला.

"ताई, आपलं नाव कोनं मारलं?"

"चोवीस म्हणजे टॉवेल आणि चादरी," मी म्हटलं. "तू चटणीनं अंग पुसतोस का?"

मग तिसावा वर्ग लावला. मसाले, मीठ, चहा, चटण्या. दोन ओळी आल्या. पहिल्या ओळीत भावाचं नाव होतं, दोन वर्षांपूर्वीचा अर्ज, आणि पुढे स्थिती लिहिलेली की अर्ज सोडून दिलेला समजला. दुसरी ओळ जुनी. स्थिती, नोंदणीकृत. ती ओळ मी उघडली. मालकाच्या रकान्यात जे नाव होतं ते वाचून मी खुर्चीत मागे टेकले. मला हसू येत होतं आणि ते मी दाबत होते, कारण ऑफिसात आणखी दोन पक्षकार बसले होते. मी स्क्रीन त्याच्याकडे वळवली.

त्यानं एकदा वाचलं. मग ओठ हलवत पुन्हा वाचलं. "ही तं आई हाये," तो म्हणाला.

आईच होती. मावशीचं पूर्ण नाव, पुढे घरच्या गृहउद्योगाचं नाव, मुक्काम हिवरखेड, तालुका तेल्हारा, जिल्हा अकोला. दहा वर्षांची मुदत संपायला अजून वर्षभर बाकी होतं.

मग मी त्याचा स्वतःचा अर्ज उघडला. कुठल्याशा ऑनलाइन एजंटाकडून त्यानं तो भरला होता आणि विसरून गेला होता. अर्जाखाली सरकारी तपासणीचा अहवाल लावलेला होता. त्यात हरकत होती की असंच नाव, अशाच मालासाठी, आधीच नोंदलेलं आहे, आणि खाली ते कुणाचं ते दिलेलं होतं. पुन्हा मावशीच.

"हे तुला ईमेलवर आलं होतं?"

"आलं असंन. तो एजंट म्हने जवाब द्या लागते. मले वाटलं अजून पैसे मांगून राहिला."

महिन्याच्या आत उत्तर गेलं नाही म्हणून अर्ज सुटला होता. म्हणजे दोन वर्षांपूर्वी सरकारनं या माणसाला लेखी कळवलं होतं की बाबा रे, हे नाव तुझ्या आईचं आहे. आणि हा माणूस त्याच आईच्या हातची भाकर खाऊन तो ईमेल न वाचता झोपला होता. आता मात्र मला हसू आवरेना. पक्षकारही हसायला लागले. भाऊ आधी रागावला, मग तोही हसला. तो मनानं वाईट नाही. त्याला खरंच वाटत होतं की आईला आता आराम द्यावा. तिला तो हवा आहे का, एवढंच विचारायचं राहून गेलं होतं.

"पन ताई, आईच्या नावावर कसं काय?"

ते मला लगेच कळलं होतं. मावसाजी सरकारी नोकर, त्यांना धंदा करायला बंदी. आमच्याकडच्या निम्म्या मास्तरांची दुकानं बायकोच्या नावावर असतात. घरात कागद आला की मावसाजी म्हणायचे, इथं कर, आणि मावशी कणकेचे हात पुसून सही करायची.

भाऊ जरा पुढे सरकून हळू आवाजात म्हणाला, "तं आता आईची सही घेऊन येतो. तिले काय सांगाचं, करते ते."

माझं डोकं फिरलं ते इथे. मी म्हटलं, मालकीण तिकडे आहे, तिला माहीत नाही ती मालकीण आहे, आणि तू तिच्याकडून न वाचता सही घेणार? माझ्या हातून तो कागद होणार नाही. मी नोंदवहीची सगळी पानं छापली, जोडलेल्या कागदांसकट, पिशवीत घातली आणि वकीलसाहेबांना अर्ध्या दिवसाची रजा सांगितली. चटणीचा माल टाकायच्या त्याच्याच गाडीत पुढे बसले. अकोट रस्त्यानं हाडं खिळखिळी झाली, पण मी खुशीत होते. वाटेत अकोटला त्यानं मला उसाचा रस पाजला. माझा राग जावा म्हणून असेल. मी दोन ग्लास प्याले.

हिवरखेडला पोहोचलो तेव्हा शेडमध्ये जेवणं नुकतीच आटोपली होती. बाया पाय पसरून बसल्या होत्या आणि भाजलेल्या जवसाचा वास साऱ्या गल्लीत होता. मावशी मुलाकडे न बघता माझ्याकडे आली. मी तिला खाली बसवलं आणि पानावरची ओळ बोटानं दाखवत मोठ्यानं वाचली. मालक, आणि तिचं नाव.

"आनखीन एकडाव वाच," ती म्हणाली.

मी वाचलं. आठही बाया जवळ सरकल्या. मग त्यातली सगळ्यात म्हातारी म्हणाली, "म्हंजे आमी इतके साल कंपनीच्या मालकिनीसंग भांडून राहिलो काय वं?" आणि शेड हसण्यानं भरून गेली.

मावशी मात्र हसली नाही. तिनं पान हातात घेऊन त्या ओळीवरून बोट फिरवलं. इंग्रजी तिला येत नाही, पण स्वतःचं नाव ओळखता येतं. मग म्हणाली, "हाव, आठोते मले. सह्या घेतल्या होत्या त्याइनं. दोन-तीन. मले वाटलं ग्यासचे कागद हायेत."

"तर मग नाव तुझं आहे, मावशी. तू सही केलीस तरच विकलं जाईल. नाही केलीस तर कुणी काही करू शकत नाही."

मला वाटलं, आता ती उठून मुलाचा कान धरेल. झालं भलतंच. तिनं पान घडी घालून माझ्या मांडीवर ठेवलं.

"माहं कायचं वं," ती म्हणाली. "मास्तरले धंद्याची मनाई होती म्हून माह्या नावावर टाकलं. नाव माहं लावलं, पन वस्तू त्याइची. बापाची वस्तू पोराची. दुसऱ्याच्या वस्तूवर मी कशी बसू? आन कागद, करते सही."

भाऊ खाली बघत होता. बायांनी एकमेकींकडे पाहिलं. कायदा मी सांगू शकत होते, पण तिला कायदा नको होता. ती न्यायाचं बोलत होती, आणि तिच्या मनात चाळीस वर्षांचा हिशेब पक्का होता. मावसाजींनी कधी तिच्या चटणीचं कौतुक केलेलं मी ऐकलं नव्हतं. ताटात चटणी पडली की म्हणायचे, मीठ जास्त झालं. रोज.

वेळ काढायला म्हणून मी उरलेली पानं चाळू लागले. इथे मला एक कबुली द्यायची आहे. लोकांना आधी वाचा म्हणून सांगणारी मी, घाईत छापलेले जोडकागद मीच वाचले नव्हते. नाव सापडल्याच्या आनंदात बाकीचं तसंच पिशवीत घातलं होतं. अर्जात एक रकाना असतो, हे नाव केव्हापासून वापरात आहे. ते आधीपासून वापरात असेल तर तसं प्रतिज्ञापत्र द्यावं लागतं आणि सोबत पुरावा. लोक तिथे दुकानाच्या परवान्याची तारीख टाकतात, नाहीतर पहिल्या बिलाची. मावसाजींनी शेड बांधली त्या वर्षाची तारीख टाकली असती तरी चाललं असतं. त्यांनी ती टाकली नव्हती. तिथे त्याच्या कितीतरी आधीची तारीख होती.

"मावशी, भाऊ पाळण्यात होता, त्या साली ऑगस्टात, नागपंचमीच्या सुमाराला, काय झालं होतं?"

ती थबकली. "कावून?"

"ही तारीख लिहिली आहे. या दिवसापासून चुंबळ छाप चटणी विकली जाते, असं."

तिनं डोळे बारीक केले. "त्या दिवशी तं मी पयल्यांदा बाजारात गेलती. डोक्यावर चुंबळ अन् टोपलं घेऊन. त्याइले न सांगता गेलती मी, ते शाळेत होते. कोनाले ठाव नाही ते."

मी पुढचं पान उलटलं. पुरावा म्हणून एक चिटोरं जोडलेलं होतं, त्याची छायाप्रत. ग्रामपंचायत, आठवडी बाजार, बैठक फीची पावती. बाजारात खाली बसणाऱ्या विक्रेत्याला देतात तसली. नावाच्या जागी कारकुनानं लिहिलं होतं, चटणीवाली बाई. तारीख तीच. आणि कोपऱ्यात, मास्तरांच्या गोल, सावकाश अक्षरात, तीन शब्द. हे मात्र मराठीत होतं, त्यामुळे मला वाचून दाखवावं लागलं नाही. मी पान तिच्या हातात दिलं.

हिचा पहिला बाजार.

मावशीनं ते वाचलं. ती पावती तिनं त्या दिवशी पदराच्या गाठीतून काढून चुलीपाशी टाकली होती, असं ती नंतर म्हणाली. ती त्यांना कधी सापडली, कुठे ठेवली, इतकी वर्षं का बोलले नाहीत, ते आता कोण सांगणार? तिच्या डोळ्यांतून पाणी यायला लागलं आणि त्याच वेळी ती हसतही होती. माझंही तेच झालं. आठ बायांपैकी पाच रडत होत्या आणि उरलेल्या तिघी त्यांना नावं ठेवत होत्या. भाऊ आईच्या शेजारी खाली फरशीवर बसला आणि त्यानंही ती पावती पाहिली. पान परत देताना त्यानं ते दोन्ही हातांनी दिलं.

"सारं ठाव होतं त्या मानसाले," मावशी म्हणाली. "अन् मले म्हने मीठ जास्त झालं."

पदरानं तोंड पुसून ती उठली. नेहमीचा आवाज परत आला होता. मुलाला म्हणाली, "त्या नागपूरवाल्याले फोन लाव. त्याले सांग, चटनी पाह्यजेन तेवढी ने, पोत्यानं ने. नाव विकाचं नाही."

भावानं तिथेच फोन लावला. तो सांगू लागला तसं पलीकडचा माणूस काहीतरी जोरजोरात विचारू लागला. शब्द कळत नव्हते. भाऊ मध्येच थांबला, त्यानं आईकडे पाहिलं, आणि म्हणाला, "थांबा जी, मालकाले देतो." आणि फोन तिच्या हातात दिला.